जागा आहे, सिक्वेन्स बरोबर आहे, तरी एक्सबा-वन प्लास्मिड कापत का नाही?

रेवती_धंतोली | १२ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एमएस्सीला आहे, प्रोजेक्ट चालू आहे. दोन आठवडे एकाच जागी अडकले आहे, म्हणून इथे विचारते.

साधारण ७५० बेसचा एक जीन मी पीसीआरने वाढवला. प्रायमरच्या एका टोकाला इको-आर-वनची जागा ठेवली होती, दुसऱ्याला एक्सबा-वनची. पीसीआरचा माल या दोन्ही एन्झाइमांनी कापला, पीयूसी१९ मध्ये जोडला आणि डीएच-फाइव्ह-अल्फामध्ये घातला. सिक्वेन्सिंग झालं, एकही चूक नाही.

आता तोच जीन काढून दुसऱ्या वेक्टरमध्ये न्यायचा आहे, तर एक्सबा-वन कापतच नाही. १ मायक्रोग्रॅम डीएनए, १० युनिट एन्झाइम, एकूण २० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर एक तास. मग तीन तास, मग रात्रभर. दोन्ही एन्झाइम घातले की जेलवर ३.४ केबीचा एकच बँड येतो. यायला हवेत दोन, साधारण २.६५ आणि ०.७५. नुसता एक्सबा घातला की लेन न कापलेल्या प्लास्मिडसारखीच दिसते.

सर म्हणतात एन्झाइम मेला. मागच्या आठवड्यात दुपारी चार तास लाइट गेली होती आणि फ्रीझर बंद होता, हे खरं आहे. पण नवीन ट्यूब मागवली तरी तेच.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा. ज्या जीवाणूकडे ही कात्री असते तो स्वतःचा डीएनए का कापत नाही, हे परीक्षेपुरतं पाठ आहे. त्याचा माझ्या अडचणीशी काही संबंध असेल का?

---

तर्रीपोहे | १२ मे, ११:०५

चार तास लाइट, तेही मे महिन्यात! पंचेचाळीस डिग्रीत माणूस टिकून नाही राहिला, एन्झाइम काय टिकेल. नवीन ट्यूबपण कुरिअरमध्ये बर्फाशिवाय आली असेल.

---

प्रणय_केमटेक | १२ मे, ११:३०

रेवती, मी बायोटेकचाच आहे, सध्या पुण्यात. माझा अंदाज ग्लिसरॉलवर आहे. एन्झाइम ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येतो. २० मायक्रोलिटरमध्ये २ पेक्षा जास्त घातला की ग्लिसरॉल ५ टक्क्यांवर जातो आणि एन्झाइम भलतीकडे कापायला लागतो. तू किती घालतेस?

---

रेवती_धंतोली | १३ मे, सकाळी ८:१५

@प्रणयदादा, अर्धा मायक्रोलिटर. आणि भलतीकडे कापलं असतं तर तुकडे दिसले असते ना? इथे काहीच कापलं जात नाही.

---

जुनी_पिपेट | १३ मे, ९:५०

रेवती, एन्झाइम जिवंत आहे की नाही हे पंधरा रुपयांत कळेल. लॅबमधलं साधं, रिकामं पीयूसी१९ घे आणि त्याच ट्यूबमधला एक्सबा त्याला लाव. त्यात एक्सबाची एकच जागा आहे. २६८६ बेसचा एक सरळ बँड आला, तर एन्झाइमवर आरोप नाही. त्याच लेनशेजारी तुझं प्लास्मिड चालव.

दुसरं, जागेच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच बेस इथे टाक. तुझा जीन कुठल्या स्टॉप कोडॉनवर संपतो तेही सांग. मला एक शंका आहे, पण आधी बघू दे.

---

कामठीरोड_डेअरी | १३ मे, दुपारी १:२०

मी शास्त्राचा नाही, दह्याच्या धंद्यात आहे. शीर्षक वाचून आलो कारण आमच्याकडेपण "लागत नाही" हीच तक्रार आहे. तयार कल्चरचं पाकीट वापरतो. महिनाभर दही छान लागलं, आता तिसरी बॅच पाण्यासारखी. कल्चर पुरवणारा म्हणतो तुमच्या प्लांटमध्ये व्हायरस आहे, बॅक्टेरियाला होणारा. या एन्झाइमांनी तो मरतो का? मरत असेल तर कुठे मिळतील आणि शंभर लिटरला किती घालायचे?

---

तर्रीपोहे | १३ मे, १:४५

काका, हा धागा वेगळा आहे हो. पण दही नाही लागलं तर आमच्या कढीचं काय होणार, म्हणून उत्तराची मीपण वाट बघतो.

---

रेवती_धंतोली | १३ मे, सायंकाळी ७:३०

@जुनी_पिपेट सर, तुम्ही म्हणालात तसं केलं. रिकामं पीयूसी१९ स्वच्छ कापलं गेलं, एकच बँड. माझं प्लास्मिड त्याच एन्झाइमला, त्याच बफरमध्ये जसंच्या तसं. म्हणजे एन्झाइम मेलेला नाही.

जीन TGA वर संपतो. त्याला लागूनच एक्सबाची जागा:

```
रिकामं पीयूसी१९ :  GATCC TCTAGA GTCGA
माझं प्लास्मिड   :  ...TGA TCTAGA GTCGA
```

---

जुनी_पिपेट | १३ मे, रात्री ९:१०

सापडलं. तुझ्या ओळीतली मधली फट काढून वाच:

```
TGATCTAGA
 GATC
```

TGA चं शेवटचं GA आणि एक्सबाचं पहिलं TC मिळून `GATC` झालं. डीएच-फाइव्ह-अल्फामध्ये डॅम नावाचा एन्झाइम असतो. तो जिथे `GATC` दिसेल तिथल्या A वर मेथिल गट चिकटवतो, दोन्ही धाग्यांवर. वरच्या धाग्यावर तो A एक्सबाच्या जागेबाहेर, तुझ्या TGA मध्ये पडतो. खालचा धागा उलटा वाच, `TCTAGATCA` होतं. तिथला मेथिल थेट एक्सबाच्या जागेतल्या शेवटच्या A वर बसला आहे, आणि तो असला की एक्सबाला ती जागा कापता येत नाही.

पहिल्यांदा सगळं सुरळीत का झालं तेही यातच आहे. पीसीआरचा डीएनए ट्यूबमध्ये तयार होतो. तिथे डॅम नाही, मेथिल नाही, म्हणून एक्सबाने तो खुशाल कापला. जोडून जीवाणूत घातलास आणि जीवाणूने त्यावर आपली खूण केली. सिक्वेन्सिंगमध्ये A हा A च दिसतो, खूण दिसत नाही.

रिकाम्या पीयूसी१९ मध्ये जागेच्या आधी CC आहे. त्या `GATC` आणि एक्सबाच्या मध्ये एक C जास्तीचा आला, म्हणून ते वाचलं. तुझा जीन TAA किंवा TAG वर संपला असता तर तुला हा धागा काढावाच लागला नसता.

---

मृण्मयी_के | १३ मे, ९:४०

बाप रे! TGA च्या मागे एक्सबा लावणारे किती जण असतील. माझ्या जुन्या प्रायमरांची यादी आत्ताच उघडते.

---

प्रणय_केमटेक | १३ मे, १०:२०

सर, पटलं, पण थोडं अडतं. ई. कोलायचा डॅम म्हणजे त्याचं स्वतःचं संरक्षण, आपल्याच कात्रीपासून, बरोबर? मेथिल असेल तर कापलं जात नाही हा नियम. मग बॅम-एच-वनची जागा `GGATCC` आहे, तिच्या पोटातच `GATC` आहे. म्हणजे डीएच-फाइव्ह-अल्फातून काढलेलं कुठलंच प्लास्मिड बॅमने कापलं जायला नको. आम्ही तर रोज कापतो.

---

जुनी_पिपेट | १४ मे, सकाळी ७:३०

प्रणय, प्रश्न नेमका आहे. दोन गोष्टी वेगळ्या कर.

बॅम ज्या जीवाणूतून आला तो स्वतःच्या `GGATCC` वर खूण करतो ती C वर, A वर नाही. म्हणून बॅमला A वरच्या मेथिलशी देणंघेणं नाही. डॅमने त्याच्या पोटातला A शंभर टक्के झाकला तरी तो कापतो. मेथिल कुठे आहे आणि ते त्या एन्झाइमला आड येतं का, हे प्रत्येकाचं वेगळं पाहावं लागतं. डीपीएन-वन तर उलटाच आहे. तो `GATC` फक्त मेथिल असेल तेव्हाच कापतो.

दुसरं, डॅमचं संरक्षण. प्रयोगशाळेतला ई. कोलाय के-१२ वंशाचा. त्याच्याकडे `GATC` कापणारी कात्रीच नाही, म्हणजे डॅम एकटा आहे, कात्री आणि खूण करणारा अशा जोडीतला नाही. डीएनएची नक्कल झाली की जुन्या धाग्यावर खूण असते आणि नव्यावर थोडा वेळ नसते. चूक दुरुस्त करणारी यंत्रणा त्यावरून नवा धागा ओळखते. के-१२ ची खरी संरक्षक जोडी इको-के ही आहे, आणि डीएच-फाइव्ह-अल्फामध्ये तिची कात्री मोडलेली, खूण करणारा हात शाबूत आहे. कार्डावर `hsdR17(rK- mK+)` लिहिलेलं असतं ते तेच. ती कात्री चालू असती तर रेवतीचा पीसीआरचा उघडा डीएनए आत गेल्यावर धोक्यात आला असता.

तुझं म्हणणं न्यूमोकॉकसच्या बाबतीत मात्र बरोबर ठरतं. त्याच्या काही वाणांत `GATC` वर खूण करणारा आणि खूण नसलेलं `GATC` कापणारा अशी खरी जोडी आहे.

---

मृण्मयी_के | १४ मे, ८:५०

सर, नक्कल होताना नव्या धाग्यावर खूण नसते असं तुम्ही म्हणालात. मग इको-आर-वनवाला जीवाणू विभागताना स्वतःलाच का कापत नाही? सहा अक्षरांची जागा सरासरी ४०९६ बेसमागे एकदा येते. ४६ लाख बेसचा जीनोम म्हणजे हिशेबाने हजारावर जागा. एक चुकली तरी संपलं.

---

जुनी_पिपेट | १४ मे, ९:३०

दोन धाग्यांपैकी एकावर जरी खूण असली तरी इको-आर-वन ती जागा सोडून देतो. नकलेनंतर जुना धागा खुणेचा असतोच, तेवढ्या वेळात मेथिल लावणारा दुसऱ्या धाग्यावर खूण पूर्ण करतो. फाज म्हणजे जीवाणूला होणारा व्हायरस, त्याचा डीएनए आत येतो तो दोन्ही धाग्यांवर उघडा. तिथे कात्री आणि खूण करणारा या दोघांची शर्यत लागते आणि बहुतेक वेळा कात्री जिंकते.

रेवतीच्या प्लास्मिडमध्येही एक्सबाच्या जागेत एकाच धाग्यावर मेथिल आहे. तेवढंच पुरतं.

---

कामठीरोड_डेअरी | १४ मे, ११:००

"बहुतेक वेळा" म्हणजे? फाज कधी जिंकतो का? आमचं सगळं तिथेच अडकलंय.

---

जुनी_पिपेट | १४ मे, दुपारी ३:४०

डेअरीवाले भाऊ, तुमचा प्रश्न मूळ विषयाच्या गाभ्यातला आहे, त्याला अवांतर समजू नका.

लॅम्डा फाज ई. कोलाय सी या वाणात वाढवून के-१२ वर टाकला, तर साधारण दहा हजारांत एकच तग धरतो. पण जो वाचतो त्याच्या डीएनएवर के-१२ चीच खूण बसलेली असते. त्याची पिल्लं पुढे के-१२ वर बिनदिक्कत वाढतात. परत एकदा सी मधून फिरवली की खूण गेली, पुन्हा दहा हजारांत एक. लुरिया आणि ह्यूमन यांनी १९५२ मध्ये आणि बेर्तानी आणि वायगल यांनी १९५३ मध्ये हे पाहिलं, तेव्हा कोडंच होतं, कारण फाजचे जीन बदलत नव्हते आणि वागणं बदलत होतं. आर्बर आणि डुसुआ यांनी १९६२ मध्ये दाखवलं की खूण डीएनएवरच असते.

तुमच्या टाकीत फाजची संख्या कोटींत जाते. दहा हजारांत एक वाचला तरी तो पुरेसा. म्हणून एन्झाइम दुधात ओतून उपयोग नाही. फाजचा डीएनए प्रथिनांच्या कवचात असतो, बाहेरून एन्झाइम त्याला पोचत नाही. ही कात्री जीवाणूच्या पोटातच कामाची. दह्याच्या काही जीवाणूंमध्ये ही जोडी प्लास्मिडवर असते, आणि ते प्लास्मिड देऊन कल्चर मजबूत करण्याचं काम १९८० च्या दशकात झालं. पण पुढे एका फाजने त्या प्लास्मिडवरच्या खूण करणाऱ्याच्या जीनचा तुकडा उचलून स्वतःला झाकून घेतलं, असंही नोंदलं गेलंय.

आधी फाजच आहे का ते बघा. बिघडलेल्या बॅचची निवळी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. तिचे दोन भाग करा, एक तसाच, दुसरा चांगला उकळून गार केलेला. ताज्या दुधाच्या दोन वाट्यांत तेच कल्चर घाला, एकीत कच्ची निवळी, दुसरीत उकळलेली, दोन्हीत थोडीच. कच्चीत दही लागलं नाही आणि उकळलेलीत लागलं, तर फाज. दोन्हीत लागलं नाही, तर गाईंना दिलेल्या औषधाचा अंश दुधात आहे का ते तपासा. ती बरीच औषधं उकळून जात नाहीत.

---

कामठीरोड_डेअरी | १४ मे, ४:१५

औषधाचं डोक्यातच नव्हतं आलं. दोन नवे दूधवाले महिन्याभरापूर्वीच लागले आहेत. करून बघतो, फार आभार.

---

वर्धारोड_निवृत्त | १४ मे, रात्री ९:००

जुन्या पिपेटांनी सांगितलेल्या इतिहासात एक भर घालतो. हॅमिल्टन स्मिथ हिमोफिलस जीवाणूवर काम करत होते. त्यात पी२२ फाजचा डीएनए मिसळला, तर तो परत मिळेना. मग डीएनएचा दाटपणा मोजायचं ठरवलं. लांब डीएनएचं द्रावण घट्ट असतं, तुकडे झाले की पातळ होतं. जीवाणूचा अर्क घातल्यावर फाजचा डीएनए पातळ होत गेला आणि हिमोफिलसचा स्वतःचा जसाच्या तसा राहिला. १९७० मध्ये ते छापून आलं. १९७१ मध्ये डॅना आणि नेथन्स यांनी त्याच एन्झाइमच्या तयारीने एसव्ही४० विषाणूचे ११ तुकडे जेलवर वेगळे केले. हेच ११, दर वेळी. रेवती, तू रोज जेल बघून "दोन बँड यायला हवेत" म्हणतेस, ती अपेक्षा तिथून सुरू झाली. त्याआधी डीएनए तोडता येत होता, पण ठरलेल्या जागी तोडता येत नव्हता. १९७८ चं नोबेल आर्बर, नेथन्स आणि स्मिथ या तिघांना मिळालं.

---

प्रणय_केमटेक | १४ मे, ९:४५

पण इको-केसुद्धा ठरलेली जागा ओळखतो ना, मग क्लोनिंगला तो का नाही वापरत?

---

वर्धारोड_निवृत्त | १४ मे, १०:०५

ओळखतो एका जागी, आणि तोडतो तिथून शेकडो-हजारो बेस दूर, कुठेही. ११ नेमके तुकडे त्याच्याकडून कधीच मिळाले नसते. जीवाणूला फाज मेला म्हणजे झालं, आपल्याला मात्र टोकं हवी असतात.

---

रेवती_धंतोली | १५ मे, सकाळी ८:००

सगळं वाचलं, दोनदा. @जुनी_पिपेट सर, आता मी काय करू? प्रायमर बदलून परत क्लोन करू की दुसरा मार्ग आहे?

---

मृण्मयी_के | १५ मे, ८:३०

मी तर प्रायमर बदलेन. TGA च्या जागी TAA घेतला की `GATC` गेलं. कायमचं मिटतं. नाहीतर दर वेळी हेच.

---

जुनी_पिपेट | १५ मे, ९:४५

मृण्मयीचा रस्ता स्वच्छ आहे, पण प्रायमर येणार, पीसीआर, जोडणी, परत सिक्वेन्सिंग, दोन-तीन आठवडे गेले. माझं मत वेगळं आहे. डॅम नसलेला वाण घ्यावा, उदाहरणार्थ जेएम११०. हेच प्लास्मिड त्यात घाल, तिथून मिनीप्रेप कर, एक्सबा कापेल. सिक्वेन्स तोच असल्यामुळे पुन्हा तपासायला नको.

दोन गोष्टी सांभाळ. खूण असलेलं प्लास्मिड डॅम नसलेल्या वाणात कमी वसाहती देतं, म्हणून डीएनए थोडा जास्त घाल आणि प्लेटवर मोजक्याच वसाहती दिसल्या तर घाबरू नकोस. आणि प्लास्मिड त्या वाणात साठवू नको. डॅम नाही म्हणजे नवा धागा ओळखायची खूण नाही, त्यामुळे त्या वाणात चुका जास्त साचतात. एक वाढ, एक मिनीप्रेप, संपलं.

त्याआधी आज एक लेन कर. तुमच्याकडे डीपीएन-वन असेलच. तुझ्या प्लास्मिडला तो लाव, बारीक तुकडे झाले की मेथिल आहे हे डोळ्यांनी दिसेल. सरांना दाखवायला ती लेन बरी पडेल.

---

मृण्मयी_के | १५ मे, १०:१०

सर, मान्य, पण ज्या लॅबमध्ये जेएम११० नाही तिथे तो मागवण्यात पण आठवडा जातोच. शिवाय पुढे जो कोणी हे प्लास्मिड घेईल तो परत इथेच अडकेल. मी अजून प्रायमरच्याच बाजूने आहे.

---

तर्रीपोहे | १५ मे, १०:३०

दोघंही बरोबर. ट्यूबवर मार्करने "एक्सबा चालत नाही, डॅम" लिहून ठेव, पुढचा माणूस दुवा देईल.

---

सुमेध_जीनोम | १५ मे, दुपारी २:००

थोडं वेगळं. या जोड्यांना आपण सरळ "संरक्षण" म्हणतो, पण इको-आर-वनसारखी जोडी असलेलं प्लास्मिड जीवाणूने गमावलं की काय होतं पाहा. दर विभागणीत खूण करणारा पातळ होत जातो, शेवटी काही जागा उघड्या पडतात, आणि शिल्लक राहिलेली कात्री त्या जीवाणूलाच कापते. कोबायाशींच्या गटाने १९९५ मध्ये हे मांडलं. म्हणजे ही जोडी जीवाणूची राखणदार, की स्वतःची जागा धरून बसलेली भाडेकरू?

---

वर्धारोड_निवृत्त | १५ मे, ४:३०

सुमेध, दोन्ही असू शकतं. पण फाजने भरलेल्या जागी दहा हजार पटींचा फायदा ज्याला मिळतो, त्याला तो भाडेकरू परवडतो. नुसत्या स्वार्थावर या जोड्या इतक्या पसरल्या असत्या हे मला पटत नाही.

---

सुमेध_जीनोम | १५ मे, ५:१०

मला उलट वाटतं. दहा हजार पटींचा फायदा पहिल्या फाजपुरताच. खूण घेऊन निघालेल्यापुढे तो शून्य होतो, हे याच धाग्यात वर आलंय. तरी जोडी टिकून राहते, ती का, याचं उत्तर संरक्षणात नाही.

---

रेवती_धंतोली | २४ मे, रात्री ११:२०

सांगायला उशीर झाला. डीपीएनची लेन त्याच दिवशी केली, प्लास्मिडचे बारीक तुकडे झाले, ३.४ केबीला काहीच उरलं नाही. सरांनी लेन बघितली आणि स्वतःच शेजारच्या लॅबमधून जेएम११० ची प्लेट आणून दिली. पहिल्या वेळी फक्त सात वसाहती आल्या. तुम्ही आधी सांगितलं नसतं तर मी ती प्लेट टाकून दिली असती.

आज संध्याकाळी इको-आर-वन आणि एक्सबा-वन, एक तास, ३७ अंश. दोन बँड. खालचा ०.७५ चा कापून जेलमधून काढला आहे, उद्या जोडणी. मृण्मयीताई, TAA चा प्रायमर पण मागवलाय, पुढच्या बॅचच्या मुलांसाठी.

---

कामठीरोड_डेअरी | २५ मे, सकाळी ९:००

अभिनंदन बेटा. इकडे दोन्ही वाट्यांत दही लागलं नाही, म्हणजे औषधच निघालं. एका नव्या दूधवाल्याचं दूध वेगळं ठेवलंय.

---

ऐश्वर्या_अमरावती | २५ मे, दुपारी १२:१५

हा धागा शोधत शोधत आले. माझाही क्ला-वन कापत नाही, मलाही डॅमचीच शंका आहे. माझी जागा अशी:

```
CCAATCGATTGG
```

---

जुनी_पिपेट | २५ मे, १:०५

ऐश्वर्या, क्ला-वनची जागा `ATCGAT`. डॅम आड यायला तिच्या आधी G हवा किंवा नंतर C. तुझ्याकडे आधी A आहे आणि नंतर T, `GATC` कुठेच होत नाही. तुझं कारण डॅम नाही. डीएनए कुठल्या वाणातून काढलास, मिनीप्रेप कशी केलीस, आणि त्याच ट्यूबमधला क्ला-वन दुसऱ्या कुठल्या प्लास्मिडवर चालवून पाहिलास का?